पांढरे ठिपके (लघुकथा)

गोदाकाठ

बऱ्याच दिवसांनी कथा टाकतोय. विषय थोडा नाजूक आहे, पण वाह्यात काही नाही. नाशिककरांना जागा ओळखू येतील, माणसं मात्र सगळी बनवलेली आहेत.

---

भास्कर खैरनार दिवाळीच्या आधीपासून हॉलमध्ये झोपायला लागला. मंदाला कारण सांगितलं घोरण्याचं. "तुम्ही तर लग्नापासून घोरताय," ती म्हणाली, पण गादी घालून दिली आणि पुढे काही विचारलं नाही.

वय चोपन्न. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. नट-बोल्टचा एकेक डबा कुठल्या रॅकवर आहे ते डोळे मिटून सांगायचा. लघवीच्या जागी, पुढच्या कातडीला खाज सुरू झाली तेव्हा त्याला वाटलं, ऑक्टोबरचा उकाडा आणि ही जाड कापडाची पॅन्ट, घामाने होत असेल. मग कडेकडेने बारीक चिरा पडल्या, थंडीत ओठ फुटतात तशा. लघवी केली की झोंबायचं. त्याने पाण्यात जंतुनाशक घालून धुतलं. आणखी झोंबलं. दुसऱ्या दिवशी जास्त घातलं.

बाहेर कुठे काही केलेलं नव्हतं. तीस वर्षांत मंदाशिवाय कुणाकडे त्या नजरेने पाहिलंही नव्हतं. पण दुखणं जिथे झालं होतं ती जागाच त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला बसली होती. आपण कितीही खरं बोललो तरी ऐकणारा मनात काय म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं, कारण दुसऱ्या कुणाबद्दल त्याने स्वतः तेच म्हटलं असतं.

सिडकोतले त्यांचे डॉक्टर म्हणजे अख्ख्या कॉलनीचे डॉक्टर. बाकावर कायम कुणीतरी ओळखीचं. टेबलापाशी बसलेली मुलगी मोठ्याने विचारणार, "काय होतंय काका?" आणि वहीत लिहिणार. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला भजनी मंडळात त्याच्या शेजारी टाळ धरून बसायचा. म्हणून एका रविवारी भास्करने स्कूटर काढली आणि थेट पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या पुढे जाऊन थांबला. दुकानात गर्दी होती. ती कमी होईपर्यंत समोर उसाचा रस पीत उभा राहिला. दोन ग्लास. मग जाऊन म्हणाला, "खाजेचं मलम द्या. मांडीला आहे."

पोराने ट्यूब दिली. जादू झाली. तिसऱ्या दिवशी खाज गायब. आठवड्याने लावणं बंद केलं आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट जोराने परत आली. पुन्हा पंचवटी, पुन्हा रस, पुन्हा मांडी. थंडी पडली, रसाची गाडी गेली, तर तो चहा पिऊ लागला. गोड.

रात्री उठणं वाढलं. उठला की तांब्याभर पाणी प्यायचा, मग पुन्हा उठायचा. प्रोस्टेट असेल, पन्नाशीनंतर होतंच, असं त्याने स्वतःला सांगितलं. बाथरूमच्या कोपऱ्यात मुंग्या व्हायला लागल्या. मंदा खडूच्या रेघा ओढायची. मुंग्या रेघेला वळसा घालून यायच्या.

जानेवारीत कंपनीत वार्षिक तपासणीची गाडी आली. कँटीनमध्ये कुणीतरी पिल्लू सोडलं, यंदा डॉक्टर पूर्ण कपडे काढून तपासणार. भास्करने रजा टाकली आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी कळलं, रक्त घेतलं, लघवीची बाटली घेतली, वजन, डोळे, कानाची चाचणी. शर्टाची बाहीसुद्धा फक्त एकच वर करायला लावली.

होळीपर्यंत कातडी मागे सरकायची बंद झाली. लघवीची धार सरळ राहीना, फाटायची, कधी बाजूला जायची. बुटांवर थेंब उडायचे. काळे सेफ्टी शूज. वाळले की त्यावर पांढरट, किंचित चिकट ठिपके दिसायचे. तो रोज सकाळी ओल्या फडक्याने बूट पुसायला लागला, आणि मंदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत राहायची.

त्याच बुटाने टाच घासली. फोड आला, फुटला, आणि तीन आठवडे झाले तरी भरेना.

"पायाचं तरी दाखवा," मंदा म्हणाली.

पाय दाखवायला हरकत नव्हती. पाय सभ्य होता. टेबलापाशी बसलेल्या मुलीला त्यानेच मोठ्याने सांगितलं, "टाचेला लागलंय." आत गेला, बूट काढला, मोजा काढला. डॉक्टरांनी जखम पाहिली, मग पायाच्या बोटांना एकेक करून हात लावला. "कळतंय?" कळत होतं. मग त्यांची नजर काढून ठेवलेल्या बुटावर गेली. त्या दिवशी शिफ्टवरून तो थेट आला होता. फडकं मारायचं राहून गेलं होतं.

डॉक्टर वाकले. बुटाकडे बराच वेळ पाहिलं.

"स्टोअरमध्ये साखर ठेवता की काय?"

"नाही. नट-बोल्ट."

त्यांनी ड्रॉवरमधून यंत्र काढलं, बोटाला टोचलं. आकडा आला ३४२.

"जेवून किती वेळ झाला?"

"चार तास."

डॉक्टरांनी उठून दार लावलं आणि परत येऊन बसले. "भास्करराव, आता मी विचारतो त्याला हो किंवा नाही म्हणा. लघवीच्या जागी खाज आहे?"

भास्करने बुटाकडे पाहिलं. बुटाने सगळं सांगून टाकलंच होतं.

"दिवाळीपासून," तो म्हणाला.

---

सातपूरकर

झकास. तपासणीच्या गाडीचा भाग आमच्याच कंपनीतला वाटला. आमच्याकडे दर वर्षी त्या दिवशी दोन-चार जण हमखास रजेवर असतात, आणि नेमके ज्यांनी यायला हवं तेच. एकाला दारू सापडेल ही भीती, दुसऱ्याला बीपी निघालं तर क्रेनवरून काढतील ही. आणि रिपोर्ट आले तरी वाचतो कोण? ते पाकीट एचआरकडून येतं आणि लॉकरमध्ये डब्याखाली जातं. त्यामुळे तुमचा भास्कर त्या दिवशी हजर असता तरी सुटला असता याची खात्री मला नाही.

हेमंत_निफाड

काका, काळजी घ्या. मनमोकळं लिहिलंत हे चांगलं केलंत. कडुलिंबाचा पाला उकळून कोमट पाण्याने धुवा, खोबरेल तेलात हळद घालून लावा. माझ्या आजोबांना गजकर्णाला फरक पडला होता. लवकर बरे व्हा.

गोदाकाठ

@हेमंत_निफाड, आभारी आहे, पण भास्कर मी नव्हे. मी एकेचाळीस वर्षांचा आहे आणि नट-बोल्टशी माझा संबंध फक्त पंख्यापुरता. कथा आहे हो.

हेमंत_निफाड

असं का. तरी पाला लावून बघायला हरकत नाही.

वरवंटा

कथा चांगली, पण शेवट मला जरा बनवलेला वाटला. बूट पाहून मधुमेह ओळखणारा डॉक्टर? असे डॉक्टर हल्ली टीव्हीवर असतात. आणि मधुमेह असेल तर माणूस खंगतो, वजन उतरतं, भूक वाढते. भास्करचं यातलं काहीच नाही. मला वाटतं पन्नाशीनंतर कातडी आवळणं वयानेही होतं. त्याला साधं बुरशीचं मलम नीट महिनाभर लावलं असतं तर काम झालं असतं. आणि हो, अशा वेळी बायकोलाही औषध द्यावंच लागतं, नाहीतर एकमेकांकडून परत परत येतं. ते कथेत कुठेच नाही.

त्वचाताई

मी त्वचारोगाचीच डॉक्टर आहे. नाशिकची नाही, पण जवळची. @वरवंटा, तुमचं थोडं बरोबर आहे, थोडं नाही.

आधी बूट. लघवीतली साखर वाळली की गडद कापडावर किंवा बुटावर पांढरे डाग पडतात, ही गोष्ट वैद्यकात फार जुनी आहे. यंत्रं नव्हती तेव्हापासूनची. हल्लीचे तरुण डॉक्टर बुटाकडे बघत नाहीत हे खरं, पण सिडकोत जन्म काढलेला जुना जनरल प्रॅक्टिशनर बघेल. मुंग्याही तशाच. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती पूर्ण परत ओढू शकत नाही, मग ती लघवीत उतरते. सोबत पाणी ओढून नेते, म्हणून रात्री उठणं आणि तहान. भास्करने प्रोस्टेट म्हणून सोडून दिलं ते हेच. आता जी लघवी कातडीच्या आत थेंबभर राहते ती साखरेची, जागा ओली आणि उबदार. बुरशीला याहून काय हवं? सूज येते, चिरा पडतात, चिरा भरताना व्रण राहतो, आणि प्रत्येक वेळी तो घेर थोडा आकसतो. चार-सहा महिन्यांत कातडी मागे जात नाही. वयाने आपोआप असं होत नाही. आयुष्यभर सहज मागे जाणारी कातडी पन्नाशीत घट्ट व्हायला लागली, तर पहिली गोष्ट साखर तपासायची, मलम नंतर.

वजन उतरायलाच हवं असंही नाही. पुष्कळ जणांची साखर वर्षानुवर्षं गुपचूप वर असते आणि पहिली तक्रार हीच येते. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषांत "मधुमेह आहे?" विचारलं की "छे, नाही" म्हणतात. "कधी तपासला?" विचारलं की गप्प.

बायकोचं म्हणाल तर, तिला खाज, पांढरं जाणं असं काही असेल तर तिलाही तपासायचं आणि औषध द्यायचं. काही त्रास नसेल तर सरसकट देत नाही. भास्करचं दुखणं परत येत होतं ते मंदामुळे नव्हे, साखरेमुळे. आणि त्या ट्यूबमुळे.

वरवंटा

बुटाचं मागे घेतो. ट्यूबचं काय? मलम तर बुरशीचंच असणार ना, दुकानदाराने दिलं म्हणजे.

त्वचाताई

तिसऱ्या दिवशी खाज गायब, हे गोदाकाठ यांनी अगदी नेमकं लिहिलंय. नुसत्या बुरशीच्या मलमाने इतक्या लवकर आराम पडत नाही. दुकानात "खाजेचं मलम" मागितलं की बहुतेक वेळा मिळते ती तीन-चार औषधांची खिचडी असते. थोडं बुरशीचं, थोडं जंतूंचं, आणि एक जोरदार स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासोल. स्टेरॉइडने सूज आणि खाज दबते, म्हणून जादू वाटते. त्याच वेळी तिथली प्रतिकारशक्तीही दबते, बुरशी आत पसरत राहते. लावणं थांबवलं की उसळते. त्या भागाची कातडी मुळात पातळ, तिथे महिनोन्‌महिने हे लावलं की ती कागदासारखी होते आणि लवकर फाटते. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. नियम आहे, पंचवटीतला पोरगाही आहे.

बुरशीला साधं क्लोट्रिमॅझोल मलम एक टक्का, दिवसातून दोनदा, एक-दोन आठवडे. गरज पडली तर फ्लुकोनॅझोलची एक गोळी, तीही इतर गोळ्या कुठल्या चालू आहेत हे विचारून. धुवायला नुसतं पाणी. साबण नको, जंतुनाशक तर अजिबात नको, त्याने कातडी भाजते. @हेमंत_निफाड, हळद-तेलही नको.

हेमंत_निफाड

बरं.

इंद्रायणी_तांदूळ

या धाग्यावर लिहू की नको असं झालं होतं. कथेत उलट आहे, आमच्याकडे मधुमेह माहीत होता. मिस्टर अठ्ठावन्नचे, बारा वर्षं साखर आहे, औषधं नियमित. गेल्या वर्षी डॉक्टरांनी एक नवीन गोळी वाढवली, साखर छान खाली आली. दोनेक महिन्यांनी हे चिडचिडे झाले, मॉर्निंग वॉक बंद, सारखे बाथरूममध्ये. विचारलं की "काही नाही". मला वाटलं ऑफिसचं टेन्शन. शेवटी कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मलमाची ट्यूब सापडली. मी आधी भलताच अर्थ काढला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस बोलले नाही. मग गोळीचा कागद वाचला, त्यात लिहिलेलंच होतं की जननेंद्रियाला बुरशी होऊ शकते. गोळीचं नाव डापाग्लिफ्लोझिन. डॉक्टरांनी देताना सांगितलं असतं तर आमचे ते दोन दिवस वाचले असते.

उंबरठा

म्हणजे ती गोळी वाईट. माझ्या भावाला पण दिली आहे, आजच बंद करायला सांगते.

त्वचाताई

@उंबरठा, कृपा करून असं करू नका. ही गोळी मुद्दामच साखर लघवीवाटे बाहेर काढते, तिचं कामच ते. हृदयाला आणि मूत्रपिंडाला तिचा खरा फायदा होतो, काहींना तर ती साखरेपेक्षा त्यासाठीच दिलेली असते. बुरशी हा तिचा ओळखीचा त्रास आहे आणि बहुतेकांत साध्या औषधाने बरा होतो. लघवी झाल्यावर पाण्याने धुऊन कोरडं करणं एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. भावाला त्रास नसेल तर काहीच करायचं नाही. असेल तर ज्यांनी दिली त्यांना विचारायचं. मात्र भास्करसारखा माणूस, चिरा आहेत, कातडी बंद आहे, साखर ३४२, त्याला पहिल्याच दिवशी ही गोळी मी तरी दिली नसती. आधी ती जागा शांत होऊ दिली असती.

@इंद्रायणी_तांदूळ, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. औषध देताना हे एक वाक्य बोलायला आम्ही डॉक्टरही लाजतो, विशेषतः समोर बायको बसलेली असेल तर.

रिकामी_ओसरी

मला वैद्यकात गती नाही, कथेबद्दल बोलते. मंदा मला खटकली. ती सगळं पाहते आणि काहीच बोलत नाही. गादी घालते, खडू ओढते, दारातून बघते. तीस वर्षांचा संसार झालेली सिडकोतली बाई इतकी मुकी नसते हो. माझी आई असती तर पहिल्याच आठवड्यात कानाला धरून नेलं असतं.

गोदाकाठ

ती "पायाचं तरी" म्हणते. तिला कळलंय. पण नेमकं काय कळलंय ते मी मुद्दाम उघडं ठेवलं. तिला दुखणं कळलंय की दुसरीच शंका आलीय, हे मलाही ठरवता आलं नाही.

रिकामी_ओसरी

तेच तर. शंका आली असेल तर ती गादी इतक्या शांतपणे घालणार नाही. आणि दुखणं कळलं असेल तर होळीपर्यंत थांबणार नाही. दोन्हीकडून ती लेखकाच्या सोयीसाठी गप्प आहे.

इंद्रायणी_तांदूळ

मी गप्प बसलेच होते की. विचारायची भीती असते. उत्तर नको ते आलं तर?

रिकामी_ओसरी

हं. तुमचं दोन दिवसांचं होतं. हिचं पाच महिन्यांचं आहे. मला अजूनही पटत नाही.

नवा_सभासद_७१

या धाग्यासाठी वेगळा आयडी काढलाय, म्हणून कृपया ओळख शोधू नये.

माझंही असंच झालं. मी कथेतल्यापेक्षा जास्त थांबलो. सार्वजनिक मुतारीत शेजारी कुणी असेल तर बाहेर येऊन उभा राहायचो. लघवी करताना पुढची कातडी फुग्यासारखी फुगायची आणि मग हळूहळू निथळायची, त्यामुळे कपडे ओले. भिंतीवरच्या जाहिराती वाचून एका गुप्तरोगवाल्याकडेही गेलो. त्याने कातडी पाहिलीसुद्धा नाही. लहानपणच्या सवयींबद्दल विचारलं, मान हलवली आणि भस्माच्या पुड्या दिल्या, मोठी रक्कम घेतली. साखर तपासायचं नावही काढलं नाही. तिथे जायला मला लाज वाटली नाही याचं आता नवल वाटतं. कारण तो धरूनच चालला होता की मी काहीतरी केलंय, आणि मला ते ऐकायची तयारी होती. खऱ्या डॉक्टरने "काही केलंत का?" असं विचारलं तर काय, याची तयारी नव्हती.

विचारायचं हे की, मला आता सुंता करायला सांगितली आहे. साखर निघाली, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ११.२. घरच्यांना ऑपरेशनचं काय कारण सांगायचं कळत नाही. मलमाने भागत नाही का?

त्वचाताई

@नवा_सभासद_७१, तपासल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही, पण साधारण असं असतं. सूज नवीन असेल, कातडी अजून मऊ असेल तर साखर खाली आणून, बुरशीचं औषध देऊन ती पुन्हा सैल होते, ऑपरेशन टळतं. तिथे पांढरट, कडक कडं तयार झालं असेल तर ते व्रणाचं असतं, ते मलमाने विरघळत नाही. तुमची कातडी फुगते म्हणताय, म्हणजे तोंड बरंच लहान झालंय. सांगणाऱ्याने बहुधा विचार करूनच सांगितलंय.

आणखी एक कारण आहे. बंद कातडीखाली काय आहे ते दिसत नाही. बहुतेकांत नुसती सूज असते. पण काहींत लायकेन स्क्लेरोसस नावाचा वेगळा त्वचारोग असतो, तो पुढे लघवीचा मार्गही अरुंद करतो. आणि क्वचित एखाद्याला गाठ किंवा न भरणारा व्रण असतो, तो कर्करोगही असू शकतो. दुर्गंधीचा स्राव, रक्त, हाताला लागणारी कडक जागा, जांघेत गाठ, यातलं काही असेल तर साखर आटोक्यात यायचीही वाट बघायची नाही, लगेच युरॉलॉजिस्टकडे. म्हणूनच @गोदाकाठ, तुमच्या कथेबद्दल माझी एकच तक्रार आहे. वाचणाऱ्याला वाटेल की बोटाला टोचलं, साखर कळली, संपलं, ती जागा दाखवायची गरजच नाही. दाखवावी लागते.

गोदाकाठ

दार लावलंय ते त्यासाठीच ना. पुढचं लिहिलं नाही एवढंच. मला कथा "दिवाळीपासून" या शब्दापाशीच सोडायची होती, त्याच्यासाठी अवघड ते तेवढंच होतं. पुढचं पाच मिनिटांचं असतं.

त्वचाताई

पाचसुद्धा नाही. पण ते पाच मिनिटांचं असतं हे भास्करला कुठे माहीत होतं? तुम्ही लिहिलं असतं तर वाचणाऱ्या एखाद्या भास्करला कळलं असतं. तुमची कथा, तुमची मर्जी.

वरवंटा

मी लेखकाच्या बाजूने. पुढे लिहिलं असतं तर आरोग्य खात्याची पत्रिका झाली असती.

सातपूरकर

@नवा_सभासद_७१, घरच्यांना कारण सांगायचं तर "साखर निघाली, त्याने कातडीला संसर्ग झालाय, छोटं ऑपरेशन आहे" हेच सांगा ना. खरंही आहे आणि साखर म्हटलं की आपल्याकडे कुणी भुवया उंचावत नाही. आमच्या डिपार्टमेंटमध्ये दोघांचं झालंय, एकाने हर्नियाचं सांगितलं होतं. मग जड उचलताना सगळे त्याला हर्निया, हर्निया म्हणून अडवायचे. अजून अडवतात.

नवा_सभासद_७१

हर्नियाच सांगणार होतो मी. बरं झालं.

सुंता म्हटलं की घरात वेगळाच विषय निघेल, ही पण भीती आहे. आई ऐंशीच्या वर आहे.

उंबरठा

आईला कशाला सांगायचं? बायकोला सांगा, आईला साखरेचं सांगा.

त्वचाताई

ते तुमचं तुम्ही ठरवा. ऑपरेशनचं सांगते. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं काम. बहुतेक वेळा त्या जागेपुरती भूल देऊन होतं, त्याच दिवशी घरी. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळतात. चार ते सहा आठवडे शरीरसंबंध नाही. ११.२ असताना घाईने करणार नाहीत, साखर आधी खाली आणतील, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो आणि पिकते. तोवर एक काळजी घ्या. कातडी जोर लावून मागे ओढू नका. मागे जाऊन अडकली आणि पुढे येईना, तर पुढचा भाग सुजत जातो. तसं झालं तर रात्र असो की दिवस, त्याच तासाला दवाखान्यात जायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आणि खर्चाची किंवा ओळखीची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयांत "सुरक्षा क्लिनिक" असतं, अशाच तक्रारींसाठी. तपासणी मोफत, समुपदेशक असतो, नाव बाहेर जात नाही. तिथे एचआयव्ही आणि सिफिलिससाठीची व्हीडीआरएल तपासणीही सुचवतात. ती सगळ्यांनाच सुचवतात, तुमच्याकडे बघून नाही. तेवढं ऐकून उठून येऊ नका, बरेच जण येतात.

नवा_सभासद_७१

मी एकदा उठून आलो होतो. दुसरीकडे. पुढच्या बुधवारी सर्जनने बोलावलंय, साखर किती आलीय ते बघून तारीख देणार.

इंद्रायणी_तांदूळ

बुधवारी बायकोला बरोबर न्या.

नवा_सभासद_७१

तिला अजून सांगितलेलं नाही.

रिकामी_ओसरी

तिला माहीत असणार हो.

गोदाकाठ

@रिकामी_ओसरी, आता कसं? मंदाबद्दल तर म्हणत होतात की इतकी गप्प बाई नसते.

रिकामी_ओसरी

तुमची मंदा मला अजूनही पटलेली नाही. यांची बायको वेगळी.